सहाव्या बोटाचे क्रेडिट: चित्रे तयार करणाऱ्या सेवेचा वापरानंतरचा अनुभव

मजकुरावरून चित्र तयार करणारी एक सशुल्क सेवा मी काही महिन्यांपासून वापरत आहे. तिच्या एका चित्रात हाताला सहा बोटे आली. त्या चित्रापोटी गेलेले क्रेडिट, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी खात्यातून कापले जाणारे एकक, परत मागितले, तेव्हा ‘चित्र तयार झाले आहे, त्यामुळे परतावा मिळणार नाही’ असे उत्तर आले. हा अनुभव लिहिण्याचे कारण ते उत्तरच आहे.

पारख करण्यासाठी मी एकच वर्णन पुन्हापुन्हा देतो: लाल स्वेटर घातलेली वृद्ध स्त्री डाव्या हातात निळा कप धरून उभी आहे, मागे टेबलाशी तीन माणसे बसली आहेत. एका वेळी चार चित्रे मिळतात. अलीकडच्या एका संचातील पहिल्या चित्रात स्वेटर निळा आणि कप लाल झाला होता. दुसऱ्यात सर्व काही वर्णनाप्रमाणे होते, फक्त कपाभोवती सहा बोटे होती. तिसरे अगदी निर्दोष दिसत होते, पण त्यात कप टेबलावर होता आणि स्त्रीचे दोन्ही हात खिशात. चौथ्यात पुढची स्त्री पहिल्या नजरेत ठीक वाटली, मात्र मागच्या तिघांचे चेहरे मेणासारखे वितळले होते.

सुरुवातीला मी तिसरे चित्र ठेवले असते. आता माझे मत बदलले आहे. सहावे बोट, हाताचा तेवढाच भाग निवडून नव्याने तयार करून दुरुस्त करता येते. वर्णनात मागितलेला हातच लपवणाऱ्या चित्राला मात्र विकृती नसल्याचे गुण देणे म्हणजे कोऱ्या उत्तरपत्रिकेला शुद्धलेखनाचे गुण देणे होय. म्हणून आधी रंग, संख्या आणि कोणती वस्तू कोणाकडे आहे हे एकेक प्रश्न करून तपासावे, आणि त्यानंतरच चित्र मोठे करून हात पाहावा.

हात पाहताना बोटे मोजणे पुरत नाही, कारण कप धरल्यावर एखादे बोट मागे लपणे स्वाभाविकच आहे. प्रत्येक बोट टोकापासून तळव्यापर्यंत नजरेने मागे न्यावे. दोन टोके एकाच मुळातून निघत असतील तर गडबड आहे. अंगठ्याची बाजूही पाहावी: बोटे वर आणि हाताची पाठ आपल्याकडे असेल, तर डाव्या हाताचा अंगठा आपल्या उजवीकडे येतो. चौथ्या चित्रात बोटे पाचच होती, पण डाव्या दंडाला चक्क उजवा पंजा जोडलेला होता!

मागच्या चेहऱ्यांबाबत मी थोडा सौम्य आहे. स्टेबल डिफ्यूजन या चित्रे तयार करणाऱ्या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्या चित्र थेट पिक्सेलमध्ये न घडवता संकुचित रूपात घडवत, आणि त्यातील एका चौकटीत मूळ चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेल सामावत. चाळीस पिक्सेल रुंदीच्या चेहऱ्याला अशा हिशेबाने आडव्या पाचच चौकटी मिळतात. तेवढ्यात दोन डोळे नीट कसे बसणार? तोच चेहरा कापून, मोठा करून पुन्हा काढला की बहुधा सुधारतो.

नव्या आवृत्तीत सहा बोटांचे हात कमी झाले आहेत, हे मान्य. पण खिशातले हात वाढले आहेत, आणि त्यांचेही क्रेडिट तितकेच कापले जाते. वार्षिक वर्गणी मी भरलेली नाही.