काकडीचा डबा आणि कालनिर्णयवरची टिक: बरेच महिने वापरून झाल्यावर

ऑफिसात दोघातिघांनी विचारलं की खाण्याचं नक्की काय जमवलंस, कुठलं ॲप वापरतोस, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. ॲप वगैरे काही नाही. स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय आणि दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन, बस. कॅलरी मोजायचं एक ॲप आधी वापरलं होतं, पण त्यात आपल्या घरची आमटी शोधायची कुठे, वाटी किती मिलीची, फोडणीत तेल किती पडलं, हे भरेपर्यंत ताटातली पोळी गार. आणि एखादं लग्न-बारसं आलं की भरणं बंद ते बंदच.

माझी अडचण दिवसातल्या एकाच वेळेची होती. हिंजवडीहून वारज्याला पोचायला साडेआठ वाजतात, चांदणी चौकात अडकलो तर त्याहून उशीर, आणि जेवणाला अजून अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात फरसाणचा डबा उघडायचा आणि ओट्याशी उभ्या उभ्या मुठीमुठीने खायचं, मग जेवताना भूक नाही पण ताट संपवायचंच. आता त्या वेळी डोकं इतकं भंजाळलेलं असतं की "आज नाही खायचं" असं ठरवण्यात काही दम नसतो. सकाळी केलेला निश्चय रात्री साडेआठला कामाला येत नाही. म्हणून असं काहीतरी हवं होतं जे ठरवावंच लागणार नाही.

तर सवय अशी ठेवली: गाडीची किल्ली खुंटीला अडकवली की फ्रिजमधला काकडी-गाजराचा डबा ओट्यावर काढून ठेवायचा. फक्त काढायचा, खायची सक्ती नाही. ऐकायला वेडगळ वाटतं, बायकोही हसली होती, पण खरी गंमत इथेच आहे. "रोज सॅलड खायचं" हे भरल्या पोटी ठरवलेलं असतं, थकून आल्यावर ते डोंगराएवढं होतं. डबा काढायला मात्र काही सेकंद लागतात, त्याला नाही म्हणायला कारणच सापडत नाही, आणि उघडा डबा समोर असला की हात आपोआप जातो. किल्ली यासाठी की ती रोज, त्याच जागी, न विसरता अडकवली जाते. "घरी आल्यावर" असं ठरवलं असतं तर फसलं असतं, घरी आल्यावर म्हणजे नक्की कधी, बूट काढल्यावर, हातपाय धुतल्यावर की फोन बघून झाल्यावर?

काकडी चिरायचं काम सकाळच्या चहाला बांधलं, आधण ठेवलं की उकळेपर्यंत एक काकडी आणि एक गाजर होतं. काकडी आदल्या रात्रीच चिरून ठेवू नका, पाणी सुटून बुळबुळीत होते आणि मग तो डबा कोणी उघडत नाही. मीठही खातानाच, तेही चिमूटभर, मी बहुतेक वेळा नुसतं लिंबू पिळतो. फरसाणचा डबा घरातून हाकलला नाही, आईला चहाबरोबर लागतो, फक्त तो माळ्याशेजारच्या वरच्या फळीवर गेला, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही.

आता टिकचं. डबा बाहेर आला की त्या तारखेच्या चौकोनात टिक, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. नाही आला तर चौकोन मोकळा न ठेवता कारणाचं एक अक्षर लिहायचं: उशीर झाला तर "उ", बाहेर जेवलो तर "बा", काकडीच नव्हती तर "सं". वजन नाही, कॅलरी नाही, काहीच नाही. टिकपेक्षा या अक्षरांनीच जास्त शिकवलं असं मी म्हणेन. पहिला महिना संपल्यावर बघितलं तर "सं" सगळे गुरुवार-शुक्रवारी जमले होते, कारण भाजी रविवारी यायची आणि बुधवारपर्यंत काकड्या खलास. म्हणजे मी ज्याला आपला आळस समजत होतो तो साधा पुरवठ्याचा घोळ होता! बुधवारी येताना सोसायटीच्या गेटजवळच्या मावशींकडून अर्धा किलो घ्यायला लागलो आणि "सं" जवळजवळ गेले. दुसरी गोष्ट दिसली रविवारची. रविवारी ऑफिस नाही, किल्ली त्या वेळी अडकवली जात नाही, मग डबा आठवणार कसा. तिथे सवय बदलली नाही, फक्त खुंटी बदलली, सुट्टीच्या दिवशी ताटं मांडली की डबा.

२१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येतं. मुळात १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, त्यातलं "किमान" पुढे गळून पडलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोज एक खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची छोटी गोष्ट १२ आठवडे करायला लावली, ते २०१० मध्ये छापून आलं. मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण पसरट किती, तर १८ पासून २५४ पर्यंत. आणि अभ्यास ८४ दिवसांचाच होता, म्हणजे २५४ हा गणिताने पुढे ओढलेला आकडा, कोणी तेवढे दिवस मोजत बसलं नव्हतं. माझ्या कामाचं त्यात एवढंच होतं की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. म्हणून मी सलग टिकांच्या मागे लागत नाही. गणपतीत दहा दिवस घरात मोदक, आरतीला माणसं, किल्ली कुठे आणि मी कुठे, चौकोनांत "बा" आणि "उ" ची रांग. मागचे चौकोन भरायला जायचं नाही एवढंच पाळलं आणि विसर्जनानंतर डबा पुन्हा सुरू झाला.

सवय लागली हे कसं कळलं? एकदा फोनवर बोलत घरात शिरलो आणि फोन ठेवल्यावर बघतो तर डबा ओट्यावर उघडा, काढल्याचं आठवतच नव्हतं. आठवण करून द्यावी लागते आहे तोवर टिक चालू ठेवा, त्यानंतर त्या गोष्टीची टिक बंद केली तरी चालते.

आता कमी पडतं ते. वजन थोडंच उतरलं, त्यासाठी हे करत असाल तर निराश व्हाल. फरसाणची जी पिशवी आठवड्यात संपायची ती आता महिनाभर पुरते, माझ्या दृष्टीने हिशोब तो. एका काकडीने भागत नाही हेही खरं, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अर्धं ताट भाज्या आणि फळांचं दाखवलंय, त्याच्या जवळपासही आम्ही नाही. किडनीचा त्रास किंवा शुगरची औषधं चालू असतील तर काय वाढवायचं ते डॉक्टरांना विचारूनच. आणि ज्यांना नोंदी ठेवताना खाण्याचीच धास्ती बसते त्यांनी टिकच्या नादी लागू नये.

टपरीवरचा संध्याकाळी पाच वाजताचा वडापाव मात्र या पद्धतीने सुटला नाही. "वडापाव खायचा नाही" याला टिक कधी करायची? न करायच्या गोष्टीला ठरलेला क्षण नसतो, आणि तिथे भूक कमी, टीमबरोबर खाली उतरणं जास्त असतं. सध्या खाली उतरायच्या आधी डेस्कवर मूठभर फुटाणे खाऊन बघतोय. या महिन्याच्या पानावर त्याचं अक्षर "फु", आणि निम्मे चौकोन अजून "उ" नेच भरलेत कारण मीटिंग संपते आणि सगळे थेट लिफ्टकडे पळतात. फुटाण्यांचा डबा ड्रॉवरमधून काढून लॅपटॉपशेजारी ठेवला तर काय होतं ते आता पुढच्या पानावर बघायचं.