‘पॉवर वाढवून देतो’ म्हणाला आणि एमिटर रेझिस्टरच शॉर्ट केले: एकूण फटका १५,६०० रुपये

अँपच्या दुरुस्तीचं बिल समोर ठेवून लिहितोय. सहा ट्रान्झिस्टर, ३२० रुपये दराने १,९२०. सहा रेझिस्टर ०.२२ ओहम ५ वॅट, १५ दराने ९०. मजुरी २,५००. आणि खाली वेगळ्या शाईत ‘पॉवर अपग्रेड’, १,५००. एकूण ६,०१०. यातले ९० रुपयांचे रेझिस्टर अँपमध्ये बसलेच नव्हते, आणि ‘अपग्रेड’ म्हणजे तेच न बसवणं होतं. न केलेल्या कामाचे दोनदा पैसे घेतले. दुकानाचं नाव लिहीत नाही. अशी दुकानं प्रत्येक तालुक्यात सापडतील.

अँप नेहमीचाच. अधिक-उणे ५० व्होल्टचा सप्लाय आणि आउटपुटला 2SC5200 व 2SA1943 ट्रान्झिस्टरच्या तीन जोड्या. बोर्डवर एमिटर रेझिस्टरचे सिमेंटचे सहा पांढरे ठोकळे जागेवर दिसत होते, म्हणून संशय आला नाही. नंतर बोर्ड उलटा केला तेव्हा कळलं की ठोकळे जुनेच होते, त्यातले दोन आतून तुटलेले. प्रत्येकाच्या दोन्ही पायांमध्ये खालून तांब्याची तार टाकून वर जाड सोल्डर ओढलं होतं. वरून पाहणाऱ्याला सगळं ठीकठाक.

आता माझी लाज. अँप ताब्यात घेताना माझ्या हातात मीटर होता. २५० रुपयांचा साधा मीटर, पण त्याच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर ०.१ मिलिव्होल्ट स्वच्छ दिसतो. स्पीकर काढलेला, गाणं बंद, अँप दहा मिनिटं चालू. एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांना पिना लावल्या: ०.०. दुसरा, तिसरा, सहाही ०.०. मिस्त्री म्हणाला, “दादा, एवढं बारीक तुमच्या मीटरला दिसत नाही.” ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पण मीच त्याच्या वतीने कारण शोधलं: बायस, म्हणजे गाणं बंद असतानाही वाहणारा करंट, अगदी कमी ठेवला असेल, मग शून्यच दिसणार. तसं होऊ शकतं, हे खरंही आहे. फक्त त्याच वेळी माझा दुसरा हात हीटसिंकवर होता आणि हीटसिंक चांगला कोमट लागत होता. करंट शून्य असेल तर कोमट कशाने? रेझिस्टरवर शून्य आणि पत्र्यावर ऊब, या दोन गोष्टी एकत्र आल्या की अर्थ एकच: करंट वाहतोय, पण रेझिस्टरमधून नाही. दोन्ही पुरावे दोन हातांत असताना मी ६,०१० रुपये मोजले. संध्याकाळी वरातीची ऑर्डर होती, घाई होती. असू दे.

आणि हो, ओहमच्या रेंजवर हे पकडता येत नाही. पिनांच्या वायरीच ०.२-०.३ ओहम खातात, त्यामुळे ०.२२ आणि सरळ शॉर्ट यांत साध्या मीटरला फरक कळत नाही. मिलिव्होल्टच बघा, तेही अँप चालू असताना, टोकं घसरू न देता.

मिस्त्रीचा युक्तिवाद असा की “रेझिस्टर पॉवर खातात, काढले की आवाज मोकळा होतो.” ०.२२ चे तीन समांतर म्हणजे ०.०७३ ओहम. समोर ४ ओहमचा स्पीकर. वाचलं ते १.८ टक्के व्होल्टेज, पॉवरमध्ये जेमतेम साडेतीन टक्के, म्हणजे ०.२ डेसिबलच्याही आत. कुणाच्याच कानाला ते कळणार नाही. त्याचे १,५०० रुपये!

त्या ०.२२ चं काम काय, ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी कुणी गंडवणार नाही. बायपोलर ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच करंटला त्याला बेस-एमिटर व्होल्टेज कमी लागतं, साधारण दर अंशाला २ मिलिव्होल्टने कमी. बाहेरून मिळणारं व्होल्टेज मात्र तेवढंच राहतं, म्हणून करंट वाढतो. करंट वाढला की तो आणखी तापतो. आणि हा वाढीचा दर भयंकर असतो: १८ मिलिव्होल्टच्या फरकाने करंट दुप्पट. तीन ट्रान्झिस्टर समांतर असले की जो थोडा जास्त तापतो तो बाकीच्यांच्या वाटचा करंट ओढतो, आणखी तापतो, आणखी ओढतो.

आमच्या अँपचंच गणित घ्या. एका बाजूच्या तिघांना मिळून ३०० मिलिअँप बायस, आणि त्यातल्या एकाला बाकी दोघांपेक्षा २० मिलिव्होल्ट कमी लागतात असं धरू. वेगवेगळ्या लॉटचा माल असेल तर एवढा फरक सहज निघतो, आणि आमच्यात दोघांवर O होतं, एकावर R. ते अक्षर गेनच्या गटाचं, व्होल्टेजचं नाही. पण माल एका ठिकाणचा नाही, ही शंका त्यावरून यायला हवी होती. रेझिस्टर नसतील तर वाटणी होते ७२, ७२ आणि १५६ मिलिअँप. ०.२२ ओहम असतील तर ८६, ८६ आणि १२८. जास्त करंट ओढणाऱ्याच्या रेझिस्टरवर जास्त मिलिव्होल्ट पडतात आणि तेवढेच त्याच्या बेस-एमिटरमधून कमी होतात. जो हावरटपणा करेल त्याचा घास त्याच्याच ताटातून कमी. वाजताना फरक आणखी ठळक होतो: तिघांत मिळून ३ अँप जात असतील तर रेझिस्टरसह ०.९७, ०.९७, १.०५. रेझिस्टरशिवाय एकटाच निम्म्याहून जास्त ओढतो.

आता त्याचा करंट वाढतच सुटेल की थांबेल, हेही काढता येतं. ट्रान्झिस्टरच्या आतून हीटसिंकपर्यंत उष्णतेची अडचण धरा १.५ अंश प्रति वॅट, म्हणजे अस्सल नगाचे ०.८३ आणि बाकी मायका-ग्रीसचे. ५० व्होल्ट × १.५ × ०.००२ = ०.१५. याला एमिटरकडच्या एकूण ओहमने भागायचं. उत्तर एकाच्या खाली असेल तर तो थांबतो, वर गेलं की सुटतो. एमिटरकडचा एक भाग ट्रान्झिस्टरचा स्वतःचा, २६ मिलिव्होल्ट भागिले करंट. दुसरा भाग आपण बसवलेला रेझिस्टर. आमच्या हावरट नगाचे १५६ मिलिअँपला स्वतःचे ०.१६७ ओहम, म्हणून ०.१५ ÷ ०.१६७ = ०.९. गाणं सुरू व्हायच्या आधीच काठावर! २०० मिलिअँपला तेच १.१५ होतं, म्हणजे सुटला. ०.२२ असतील तर करंट कितीही वाढो, ०.१५ ÷ ०.२२ = ०.६८ च्या वर आकडा जातच नाही. ०.१ ओहम घातले तर? १ अँपला १.१९. म्हणून ‘दुकानात ०.१ च होते’ म्हणून ते बसवू देऊ नका.

इथे एक मर्यादाही सांगतो. नकली नगात आतली चिप छोटी असते, उष्णता बाहेर पडायला वाट नसते. तिथे १.५ ऐवजी ३ अंश प्रति वॅट धरलात तर ०.२२ असूनही शेवटचा आकडा १.३६ वर जातो. म्हणजे रेझिस्टर बरोबर असले तरी खोट्या मालाला ते वाचवतीलच असं नाही.

“हीटसिंकवर BD139 आहे ना, तो बायस आवरतो,” हेही मला ऐकवलं. हा छोटा ट्रान्झिस्टर आवरतो, पण सगळ्या हीटसिंकचं तापमान बघून, तेही सावकाश. तिघांतला एकच आतून पेटला तर पत्र्यावरच्या BD139 ला ते कळायला उशीर होतो, आणि कळलं तरी तो तिघांचाही बायस सारखाच उतरवतो. “बेसला ४.७ ओहम आहेत,” हा त्याचा दुसरा बचाव. गेन ८० धरला तर ते एमिटरकडे ०.०६ ओहमइतकेच जाणवतात. शिवाय तापल्यावर गेन वाढतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तेही कमी होतात.

वरातीत चाळीस मिनिटांत खेळ संपला. तिघांपैकी एकच 2SC5200 कलेक्टर-एमिटर शॉर्ट, बाकी दोघे मीटरवर चांगले. त्या एकाच्या मायकावर काळं वर्तुळ, शेजारचे मायका पांढरे. एका बाजूचा एकच मेला आणि शेजारी जिवंत राहिले तर आधी वाटणीवर शंका घ्या. शॉर्ट झाल्यावर ५० व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर गेलं. या अँपला प्रोटेक्शन रिले नाही. फ्यूज उडाला, पण १५ इंची दोन्ही स्पीकरच्या कॉइल काळ्या झाल्यावर.

दोन स्पीकरचे रिकोन २,८०० प्रमाणे ५,६००. दुसऱ्या मिस्त्रीकडे सहा ट्रान्झिस्टर १,९२०, ड्रायव्हर जोडी १८०, रेझिस्टर ९०, मजुरी १,८००, म्हणजे ३,९९०. पहिले ६,०१० धरून १५,६००. आणि ऑर्डरवाल्याने कापलेले पैसे यात धरलेच नाहीत.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात म्हणाले, बिघाडाचं काम, दिवाणी बाब आहे. तांब्याच्या तारेचा फोटो दाखवला तर विचारलं, “यात चोरी काय गेलं?” ९० रुपयांचा माल बिलात लावून दिला नाही, याला काय म्हणायचं ते त्यांनाच माहीत! ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे शिक्क्याचा कागद, कराचा नंबर नाही. तो नंबर न घालता बिल देणाऱ्याला कुणी विचारणार नाही, मला मात्र परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला सांगितलं, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत गेलो, तर म्हणाले कार्यालयाचं पत्र असल्याशिवाय बोर्ड हातात घेत नाही. कार्यालय म्हणतं, अहवालाशिवाय पत्र नाही. तिसऱ्या खेपेला टेबलावरचा माणूस बदललेला, माझी फाइल सापडत नव्हती. एसटीचे आणि झेरॉक्सचे मिळून ७४० रुपये गेले, तेही १५,६०० मध्ये नाहीत.

पैसे देण्याआधी बोर्ड उलटा करून बघा, मिस्त्री चिडला तरी. जुने ट्रान्झिस्टर परत मागा. बदलायचे तर सहाही एका लॉटचे, एका अक्षराचे. पहिल्यांदा चालू करताना मेनच्या वायरीत १०० वॅटचा सिरीज लॅम्प लावाच. तो क्षणभर पेटून मंदावला पाहिजे. BD139 चा स्क्रू हलवून बघा. बायसचं रीडिंग मात्र लॅम्प काढून, स्पीकर न जोडता, दहा मिनिटांनी घ्या.

दुसऱ्या मिस्त्रीने माझ्यासमोर रीडिंग काढली: वरच्या तिघांवर २१.४, २३.०, २०.८ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ९५ ते १०५ मिलिअँप. खालच्या तिघांवर २२.१, २१.०, २२.६. तासभर जोरात वाजवून, आवाज बंद करून लगेच पुन्हा मोजलं, तर सगळे २५ च्या आसपास आणि पाच मिनिटांत परत २२ वर. पहिल्या दुकानात मी या दुसऱ्या मोजणीपर्यंत थांबलोच नव्हतो.