वय कानावरून की अंगावरून?

पेडण्याच्या भातशेतात उतरलेल्या हत्तीचा फोटो मित्राने दाखवला. कानशिलाजवळ खड्डा, बरगड्या वर आलेल्या, तो म्हणाला, "म्हातारा रे!" मी मात्र आधी कान पाहिला. वरची कड जेमतेम दुमडलेली, खालची अखंड, गुलाबी ठिपके नाहीत. म्हणजे तरुणच, पण खंगलेला.

वयासाठी माझा भरवसा कानावर. आशियाई हत्तीत ही घडी साधारण दहाव्या वर्षानंतर दिसू लागते आणि वयाबरोबर वाढते. तरी अंदाज पाच-दहा वर्षांनी चुकतो. कान हलवतानाचा फोटो तर बादच.

अंगकाठी सांगते ती तब्येत: बरगड्या, कणा, कमरेची हाडं. कानशिलाचा खड्डा म्हातारपणी पडतो, तसाच उपासमारीतही. सुरकुत्यांवर तर जाऊच नका, सुकलेला चिखल फसवतो.