अडकलेला व्यवहार: टिप वाढवू की कमाल फी?

इथेरियमवर व्यवहार अडकला की आधी बेस फी बघा, म्हणजे गॅसच्या, कामाच्या मोजमापाच्या, प्रत्येक एककामागे नेटवर्क घेतं तो किमान दर. कमाल फी म्हणजे प्रति गॅस तुम्ही द्याल ती एकूण मर्यादा, आणि टिप म्हणजे त्याच मर्यादेतून ब्लॉक बनवणाऱ्या व्हॅलिडेटरला दिलेली जादा रक्कम. बेस फी 20 ग्वेई, म्हणजे इथरचे 20 अब्जांश, आणि तुमची कमाल फी 18 असेल, तर टिप वाढवून काहीच हलणार नाही.

खर्चाचं म्हणाल, तर बेस फी 20 असताना कमाल फी 30 आणि टिप 2 ठेवली तरी प्रति गॅस 22च जातात. उरलेले 8 कापलेच जात नाहीत. म्हणून कमाल फी सैल ठेवायला मी घाबरत नाही. टिप मात्र खरोखर खिशातून जाते.

इथरच्या एकूण पुरवठ्यावर बेस फी आणि टिपचा परिणामही वेगळा. साध्या हस्तांतरणाला 21,000 गॅस लागतो. त्यात बेस फीचे 0.00042 इथर जळून कायमचे नाहीसे होतात, टिपचे 0.000042 व्हॅलिडेटरला मिळतात, म्हणजे चलनातच राहतात.

बेस फी तुमच्या कमाल फीच्या वर गेली असेल तर कमाल फी वाढवा. मर्यादेत असूनही इतर व्यवहार पुढे जात असतील आणि घाई असेल, तरच टिप.