बाटलीतला बुडबुडा, टाकीतला बुडबुडा

शॅम्पेनमध्ये लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर आंबवून वायू बनवतं आणि आत साधारण 6 बार दाब तयार होतो. प्रोसेको ही इटलीची फेसाळ वाइन बहुधा मोठ्या बंद टाकीत आंबते आणि दाबाखालीच बाटलीत भरली जाते; तिचा दाब सहसा थोडा कमी असतो.

वायू दोन्हीकडे तोच, कार्बन डायऑक्साइड. खरा फरक वेळेचा. शॅम्पेन किमान 12 महिने मेलेल्या यीस्टच्या गाळावर राहते. त्या पेशी फुटून प्रथिनं वाइनमध्ये उतरतात, म्हणून फेस मऊ लागतो आणि पावासारखा वास येतो. टाकीत हा सहवास बहुधा काही आठवड्यांचाच. त्यामुळे फळांचा ताजेपणा टिकतो.

मात्र बुडबुड्यांच्या आकारावरून पद्धत ओळखू नका. ते पेल्यातल्या सूक्ष्म तंतूंवर जन्मतात. अगदी स्वच्छ पेल्यात उत्तम शॅम्पेनही जवळजवळ शांत दिसते.