टेस्ट सिरीजचा अहवाल आणि पुढच्या आठवड्याचे काम: काही महिन्यांच्या वापरानंतर

राज्यसेवा पूर्व परीक्षेसाठी घेतलेल्या एका टेस्ट सिरीजचा हा अनुभव आहे. पेपर एकचे १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास आणि चुकीच्या उत्तराला वजा होणारे त्या प्रश्नाचे पाव गुण हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावर शब्द खर्च करीत नाही. प्रश्नांचा दर्जा चांगला आहे आणि विधानांचे प्रश्न आयोगाच्या वळणाचे आहेत. माझे सारे म्हणणे चाचणीनंतर येणाऱ्या अहवालाबद्दल आहे, कारण जाहिरात त्याचीच होती आणि पैसेही मी मुख्यतः त्यासाठीच मोजले होते.

अहवालात रंगीत आलेख येतात आणि खाली ‘राज्यव्यवस्था: कमकुवत, अधिक अभ्यास आवश्यक’ अशी ओळ येते. या ओळीवरून सोमवारी सकाळी नेमके कोणते पान उघडायचे हे कळत नाही. परिणामी अनेक जण राज्यव्यवस्थेचे संपूर्ण पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतात, मूलभूत हक्कांपर्यंत पोहोचतात आणि तोवर पुढची चाचणी येते. चूक झालेली असते विधिमंडळाच्या प्रकरणात, आणि ते प्रकरण तसेच राहते.

याचे मूळ एका उणिवेत आहे. उत्तर देताना आपण किती खात्रीने दिले, याची नोंद हा अहवाल ठेवत नाही. म्हणून मी प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाच्या समासात एक अक्षर लिहिते: खात्री असेल तर ‘ख’, दोन पर्यायांत अडकले तर ‘द’ आणि निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. यात वेळ जवळजवळ जात नाही. उत्तरे तपासल्यावर मात्र चुकांचे वेगवेगळे ढीग आपोआप पडतात आणि प्रत्येक ढिगाचे काम वेगळे असते. ‘ख’ लिहून चुकलेला प्रश्न सर्वांत आधी घ्यावा, कारण तिथे डोक्यात चुकीची माहिती पक्की बसलेली असते आणि ती परीक्षेतही त्याच खात्रीने बाहेर येते.

एक उदाहरण सविस्तर देते. राज्य विधिमंडळावरील एका प्रश्नात दोन विधाने होती. पहिले असे, की विधेयकावर दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास राज्यपाल संयुक्त बैठक बोलावू शकतात; दुसरे असे, की विधान परिषद धनविधेयक जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते. मी दोन्ही बरोबर धरली होती आणि समासात ‘ख’ होता. प्रत्यक्षात संयुक्त बैठकीची तरतूद कलम १०८ मध्ये आहे आणि ती संसदेपुरतीच आहे; राज्यात तशी तरतूदच नाही. केंद्र आणि राज्य ही प्रकरणे वेगवेगळ्या आठवड्यांत वाचल्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला चिकटला, हे माझ्या चुकीमागचे कारण. कारण असे एका वाक्यात लिहिता आले, की काम ठरवणे सोपे जाते.

ते काम मी असे लिहिले: मंगळवारी पाऊण तास, राज्यघटनेच्या मूळ प्रतीतून कलम १०७ ते १११ आणि १९६ ते २०० वाचून एका पानावर चार रकाने करणे, म्हणजे केंद्राचे साधारण विधेयक, केंद्राचे धनविधेयक, राज्याचे साधारण आणि राज्याचे धनविधेयक. प्रत्येक रकान्यात तीनच गोष्टी: विधेयक कुठे मांडता येते, दुसरे सभागृह ते किती काळ थांबवू शकते आणि मतभेद झाल्यास पुढे काय होते. शुक्रवारी पुस्तक मिटून हाच तक्ता कोऱ्या कागदावर लिहायचा आणि शनिवारी आयोगाच्या जुन्या पेपरांतील याच भागाचे प्रश्न सोडवायचे. बाराही जागा बरोबर भरल्या तरच काम पूर्ण. अन्यथा ते पुढच्या आठवड्यात जाते. शुक्रवारची ही परीक्षा वगळली तर मंगळवारचे वाचन ओळखीचे वाटू लागते आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे, हे पुढच्या चाचणीतच समजते.

याच तक्त्यामुळे सेवा विभागाशी माझा वाद झाला. विधान परिषद साधारण विधेयक एकूण किती काळ लांबवू शकते, या प्रश्नाला त्यांच्या उत्तरतालिकेने तीन महिने हे उत्तर दिले होते. कलम १९७ नुसार पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत करून पाठवल्यावर आणखी एक महिना, असे एकूण चार महिने होतात. मी कलमासह लिहून पाठवले, त्यावर ‘तज्ज्ञांकडे पाठवले आहे’ एवढेच उत्तर आले आणि तालिका बऱ्याच पाठपुराव्यानंतर बदलली. आयोग स्वतः पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो. पैसे घेणाऱ्या संस्थेने निदान तेवढी तत्परता दाखवावी, ही माझी रास्त अपेक्षा आहे. तेव्हापासून मूळ प्रतीत किंवा शालेय पाठ्यपुस्तकात पडताळल्याशिवाय मी कोणत्याही चुकीवर काम सुरू करत नाही. चुकीच्या तालिकेवरून केलेला अभ्यास बरोबर माहिती पुसून टाकतो.

‘द’ आणि ‘अं’ यांविषयीचे माझे मत या महिन्यांत बदलले. सुरुवातीला प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाचे काम व्हायलाच हवे असे मला वाटत होते आणि यादी आठवड्यात मावत नव्हती. आता मी आठवड्याला पाच-सहा कामेच घेते. ‘द’ असलेल्या प्रश्नांत अर्धी माहिती आधीच असते, त्यामुळे एका तासाच्या कामात तो भाग हाती येतो. शिवाय दोन पर्यायांत अडकून दिलेल्या चार उत्तरांपैकी सरासरी दोन बरोबर आली तरी चार गुण मिळतात आणि एक जातो, म्हणून असे प्रश्न सोडून देण्याची सवय मी लावत नाही. निव्वळ अंदाजाचे प्रश्न मात्र तो भाग जुन्या पेपरांत पुन्हा पुन्हा आलेला दिसला तरच यादीत येतात. यात एक भर घातली आहे: ‘द’ किंवा ‘अं’ लिहून बरोबर आलेले प्रश्नही मी तपासते, कारण अहवाल त्यांना हिरवा रंग देऊन मोकळा होतो. पूर्णा नदीच्या प्रश्नाचे गुण मला असेच मिळाले होते. तापीला मिळणारी पूर्णा आणि गोदावरीला मिळणारी पूर्णा या वेगळ्या नद्या आहेत आणि येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे दुसरीवर आहेत, हे कोऱ्या नकाशावर दोन्ही नद्या काढल्यावर पक्के झाले.

‘अयोग्य विधान ओळखा’ हे घाईत ‘योग्य’ वाचल्यामुळे गेलेल्या गुणांसाठी अभ्यासाचे काम काढण्यात अर्थ नाही. त्यासाठी पुढच्या चाचणीत नकारार्थी शब्दाखाली रेघ मारणे एवढेच काम असते आणि तपासताना त्या रेघा खरोखर मारल्या होत्या का हे पाहायचे असते.

मुदत संपत आली आहे. प्रश्नसंच स्वतंत्रपणे आणि कमी किमतीत मिळत असेल तर मी पुन्हा घेईन. अहवालासाठी वेगळे पैसे मोजणार नाही. खात्री नोंदवण्याचा एक रकाना त्यांनी उत्तरपत्रिकेत दिला आणि चुकलेल्या प्रश्नापुढे कलम किंवा पाठ्यपुस्तकाचे पान छापले, तर माझे हे मत मी बदलेन.