बाथरूमच्या स्लॅबमधले भोक: आधी स्लीव्ह की नंतर कोअर कटिंग?

पुण्यात नवे बांधकाम असेल, तर सनकन स्लॅब, म्हणजे बाथरूमचा खोलगट स्लॅब, ओतण्यापूर्वीच शटरिंगवर स्लीव्ह, म्हणजे पाइपासाठी जागा राखणारी रुंद नळी, बसवावी, असे माझे ठाम मत आहे. ११० मिमीच्या पाइपाभोवती १६० मिमीची स्लीव्ह घेतली, तर सुमारे २५ मिमी फट राहते आणि तीत न आकसणारे ग्राउट, म्हणजे फट भरायचे पातळ सिमेंटी मिश्रण, तळापर्यंत उतरते.

राहत्या फ्लॅटमध्ये मात्र कोअर कटिंग, म्हणजे तयार स्लॅबला यंत्राने गोल भोक पाडणे, हेच उरते. त्यात सळई तुटण्याचा धोका असतो, शिवाय भोकाची कड इतकी गुळगुळीत निघते की ती खरवडल्याशिवाय ग्राउट नीट धरत नाही. छिन्नी-हातोडा टाळावाच.

दोन्हींत वॉटरप्रूफिंगचा थर पाइपावर चढवावा आणि कोबा व नहाणी ट्रॅप बसवण्याआधी पाइपाचे तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवावे. खालच्या मजल्याच्या छताला पाइपाभोवती ओलसर वर्तुळ उमटले, तर आधी ग्राउटचा सांधाच तपासावा.